पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी नऊ

यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ आवडला की माणूस चॅनेलच्या नावावर बोट टेकवतो आणि त्याच्या मुख्य पानावर येतो. इथे अजून काय आहे आणि आपल्या उपयोगाचं आहे का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं असतं. पानाच्या सुरुवातीलाच त्याच्यासाठी एक छोटा व्हिडिओ ठेवण्याची सोय यूट्यूबने केली आहे. तो चॅनेलचा ट्रेलर. ज्यांनी चॅनेल सबस्क्राईब केलेलं नाही, त्यांनाच तो तिथे दिसतो. जुन्या प्रेक्षकांसाठी त्या जागी वेगळा व्हिडिओ लावता येतो. संगणकावर पान उघडलं की ट्रेलर आपोआप सुरू होतो, म्हणजे बघणाऱ्याने तो मागितलेलाही नसतो.

ट्रेलरची संहिता लिहिताना ही परिस्थिती आधी डोळ्यांसमोर आणायला हवी. समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्याला थांबायचं काही कारण नाही, आणि त्याचं बोट पानाच्या पुढच्या भागाकडे निघालेलं आहे. तरीही बहुतेक ट्रेलर फिरणाऱ्या बोधचिन्हाने सुरू होतात. मग ‘नमस्कार मंडळी, आमच्या चॅनेलवर तुमचं मनःपूर्वक स्वागत’, मग सादरकर्त्याचं शिक्षण आणि अनुभव, मग विषयांची लांबलचक यादी. नवे भाग कधी येतात हे एकतर राहून जातं, नाहीतर ‘भेटत राहू’ एवढ्यावर भागवलं जातं.

मला वाटतं, ही संहिता शेवटाकडून लिहायला घ्यावी. नवा भाग कधी येणार, हे वाक्य सर्वांत आधी कागदावर उतरवावं. त्या वाक्याला उत्तर सापडलं की मालिका नक्की काय आहे हेही बरंचसं ठरून जातं.

एक उदाहरण घेऊ. समजा, साताऱ्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेला मोडी लिपी वाचायला शिकवणारी मालिका करायची आहे. विषय उत्तम आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत महाराष्ट्रातले कितीतरी व्यवहार मोडीत लिहिले जात. अनेक घरांतल्या ट्रंकांमध्ये आजही खरेदीखतं, गहाणखतं, पत्रं पडून आहेत आणि ती वाचणारं घरात कुणी उरलेलं नाही. बाईंच्या मनात पहिलं वाक्य आलं, ‘दर शनिवारी नवा भाग.’

आता हे वाक्य तपासून बघू. एका भागासाठी कागद निवडायचा, मालकाची परवानगी घ्यायची, कागद नीट प्रकाशात टिपायचा. मग तो स्वतः वाचून एखाद्या जाणकाराकडून पडताळून घ्यायचा. ही पायरी टाळता येत नाही, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि एक शब्द कुठे तुटतो हे चुकलं की सगळा अर्थ चुकतो. त्यानंतर निवेदन, चित्रीकरण, संकलन आणि प्रत्येक मोडी शब्दाखाली त्याचं देवनागरी रूप बसवणं. धरून चालू की याला सगळे मिळून चौदा तास लागतात आणि बाईंना आठवड्यात आठ तास मोकळे मिळतात. म्हणजे आठवड्याला एक भाग होणार नाही. दोन आठवड्यांना एक होईल, आणि दोन तास हाताशी उरतील. आजारपण, पाहुणे, वीज जाणं यांसाठी ते लागतातच.

मग वाक्य झालं ‘दर दुसऱ्या शनिवारी’. इथे एक अडचण आहे. कुणी याचा अर्थ एक आड एक शनिवार असा घेईल, तर कुणी महिन्याचा दुसरा शनिवार असा. बँकांच्या सुट्टीमुळे हा दुसरा अर्थ आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. म्हणून ‘महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी’ असं म्हणावं. दिनदर्शिकेवर बोट ठेवून दाखवता येईल असंच वेळापत्रक लोकांच्या लक्षात राहतं. ज्या महिन्यात पाच शनिवार येतात, त्यात बाईंना आणखी एक आठवडा मिळतो. वेळही सांगावी, आणि परदेशातले मराठी प्रेक्षक बरेच असतील तर ती भारतीय वेळ आहे हे पडद्यावरच्या पाटीत लिहावं. ट्रेलर चित्रित करण्याआधी तीन-चार भाग पूर्ण तयार असावेत, म्हणजे पहिल्याच महिन्यात शब्द मोडत नाही.

शेवटचं वाक्य पक्कं झालं की सुरुवातीकडे यायचं. मालिकेत प्रेक्षकाला जे मिळणार आहे, त्याचा एक खराखुरा तुकडा पहिल्या दहा सेकंदांत त्याच्या पदरात टाकावा. मोडी वाचायला शिकवणार असाल तर एक मोडी शब्द तिथल्या तिथे वाचून दाखवा. बाईंची एका मिनिटाची संहिता मग अशी होईल. कंसात पडद्यावर काय दिसतं ते, आणि पुढे आवाज.

(जुना, घडी पडलेला कागद. लांबलचक शिरोरेषेला टांगलेली अक्षरं.) ‘तुमच्या घरी असा एखादा कागद आहे का? खरेदीखत, गहाणखत, पणजोबांचं पत्र? भाषा मराठीच, पण वाचता येत नाही?’

(बोट एका शब्दावर थांबतं. खाली देवनागरी रूप उमटतं.) ‘हा शब्द बघा. जमीन. आणि हा, विहीर. कागद कशाबद्दल आहे ते कळलं.’

(बाईंचा चेहरा, पहिल्यांदाच.) ‘मी निवृत्त शिक्षिका. या मालिकेत आपण मोडी वाचायला शिकतो. प्रत्येक भागात एकच कागद. आधी तीन-चार अक्षरं, मग त्यांचे शब्द, आणि शेवटी कागदातली एक अख्खी ओळ.’

(दोन भागांमधली छोटी दृश्यं.) ‘देवनागरी वाचता येत असेल तर एवढी तयारी पुरे. भाग पंधरा मिनिटांचा.’

(पाटी: पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी 9, भारतीय वेळ.) ‘नवा भाग महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळी नऊ वाजता. सबस्क्राईब करा, आणि आजच पहिला भाग बघा. त्यात आपण फक्त एक शब्द वाचणार आहोत, श्री.’

हे शब्द शंभराच्या आसपास भरतात. मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला एवढेच बसतात, कारण मधल्या दृश्यांना श्वास घ्यायला जागा लागते. कागदावर संहिता छोटी वाटते म्हणून लोक त्यात भर घालतात आणि मग बोलताना धावतात. घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहणं हाच उपाय. ज्या वाक्यावर जीभ अडखळते ते वाक्य लांब असतं, त्याचे दोन तुकडे करावेत.

या संहितेत काय नाही, तेही पाहण्यासारखं आहे. बाईंच्या पदव्या नाहीत. पण समोरचा कागद त्या वाचून दाखवतात, यातून त्यांचा अधिकार दिसतो. मोडीचा इतिहास नाही, त्याला एक भाग आहे. ‘येत्या गणपतीत’ किंवा ‘नवीन वर्षात’ असे शब्द नाहीत, कारण ट्रेलर दोन वर्षं त्याच जागी राहू शकतो आणि असा एक शब्द त्याला शिळा करून टाकतो. चॅनेलला सबस्क्राईब केलेल्यांचा आकडाही याच कारणाने टाळावा. वेळापत्रक मात्र आवाजातही आहे आणि पाटीवरही, कारण कितीतरी लोक आवाज बंद ठेवून बघतात.

एक गोष्ट प्रेक्षकांनाही माहीत असावी. सबस्क्राईब केलं म्हणजे प्रत्येक भागाची सूचना येतेच असं नाही. घंटीच्या चिन्हावर सगळ्या सूचना, निवडक सूचना आणि एकही नाही असे पर्याय असतात. निवडक सूचना कोणत्या पाठवायच्या ते यूट्यूब ठरवतं. दोन आठवड्यांतून एकदा येणाऱ्या मालिकेचा भाग त्यात निसटू शकतो. म्हणून वार आणि वेळ डोक्यात बसवणं अशा मालिकेला रोजच्या मालिकेपेक्षा जास्त गरजेचं असतं.

ट्रेलर जमला की नाही, हे यूट्यूब स्टुडिओतल्या आलेखावरून कळतं. कोणत्या क्षणाला किती टक्के लोक अजून बघत आहेत, ते त्यात रेषेने दाखवलेलं असतं. पहिल्या काही सेकंदांत रेषा खाली येणारच, तिथे घाबरू नये. पुढे ज्या ठिकाणी ती एकदम घसरते, ते वाक्य संहितेत शोधावं. बाईंच्या ट्रेलरमध्ये ती चेहरा आल्यावर घसरली, तर कागद फार लवकर पडद्यावरून गेला असं समजावं आणि चेहऱ्याच्या जागी कागदच ठेवून निवेदन त्यावर चालू ठेवावं. रेषा शेवटपर्यंत टिकली पण नवे सबस्क्रायबर जुळले नाहीत, तर ट्रेलर बघवला जातो, पण पुढे काय मिळणार आहे ते पोचत नाही. अशा वेळी ‘प्रत्येक भागात एकच कागद’ हा मधला भाग आणखी ठोस करावा लागतो. मात्र चॅनेल नवं असताना बघणारे मोजके असतात. पंधरा-वीस जणांच्या वागण्यावरून संहिता बदलू नये, थोडा काळ जाऊ द्यावा.

पार्श्वसंगीताबद्दल एकच सांगते. साधारणपणे चॅनेलच्या पानावर ट्रेलर चालतो तेव्हा त्यावर जाहिरात येत नाही. पण त्यात दुसऱ्याच्या मालकीचं संगीत वापरलं आणि त्या मालकाने दावा केला, तर जाहिरात लागू शकते. नव्या पाहुण्याला आधी जाहिरात दाखवण्यापेक्षा कागदाची सळसळ आणि बोलण्याचा आवाज पुरे.

राहिला प्रश्न वेळापत्रक बदलण्याचा. बाईंना वर्षभराने महिन्याला एकच भाग जमेल असं वाटलं, तर ट्रेलरमधलं शेवटचं वाक्य खोटं पडतं. यूट्यूबवर चढवलेल्या व्हिडिओची फाईल तोच दुवा ठेवून बदलता येत नाही. स्टुडिओत कापाकापी करता येते, पण नवं वाक्य घालता येत नाही. नवा व्हिडिओ चढवून तोच ट्रेलर म्हणून निवडावा लागतो. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशीच शेवटचं वाक्य वेगळं टिपावं, त्याआधी क्षणभर शांतता ठेवावी, आणि सगळ्या मूळ फाईली जपून ठेवाव्यात. मग तेवढा तुकडा आणि पाटी नव्याने करून जोडता येते. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि बदललेल्या वेळापत्रकाचा पहिला शनिवार उजाडायच्या आत ते व्हायला हवं.