काखेतले डाग, कॉलरची कड

पांढऱ्या शर्टाच्या काखेत पिवळं दिसलं की बहुतेक घरांत हात आधी ब्लीचच्या बाटलीकडे जातो. नेमकं तेच करू नये. नुसता घाम वाळला तर इतका हट्टी पिवळा डाग पडत नाही. घाम कमी यावा म्हणून लावायच्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामातल्या प्रथिनांशी आणि त्वचेच्या तेलाशी मिळून धाग्यात बसतात, म्हणून ती जागा पिवळी होते आणि हाताला कडकही लागते. अशा डागावर क्लोरीनचं ब्लीच पडलं की पिवळेपणा अनेकदा वाढतो आणि कापड विरतं ते वेगळंच.

कॉलरची कड मात्र तेलाची असते. मानेवरचं तेल, केसांना लावलेलं तेल, मृत त्वचा आणि रस्त्यावरची धूळ यांचा तो थर. त्यावर भांडी घासायचं लिक्विड थेंबभर पसरावं, मऊ ब्रशने हलकेच घासावं, अर्धा तास ठेवून नेहमीसारखं धुवावं. ताजी कड एवढ्यानेच जाते.

काखेसाठी दोन टप्पे लागतात. शर्ट पांढरा सुती किंवा टेरिकॉटचा आहे असं धरू. एक लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून काखेचा भाग त्यात अर्धा तास बुडवावा. आम्लामुळे ॲल्युमिनियमचे क्षार सैल पडतात. मग शर्ट भरपूर पाण्यात खळबळून घ्यावा.

आता उरलेला रंग काढायचा. औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवर सहा टक्के लिहिलं असेल तर तितकंच पाणी घालून ते तीन टक्के करावं. त्याचे दोन मोठे चमचे, एक चमचा खाण्याचा सोडा आणि थोडं भांड्यांचं लिक्विड यांचा लेप डागावर लावून तासभर ठेवावा. वाळू देऊ नये, सावलीत ठेवावा, हातमोजे घालावेत. उरलेला लेप झाकणबंद बाटलीत भरू नये, वायू साठून बाटली फुटू शकते. रेशीम, लोकर आणि रंगीत कापडाला हा उपाय नको. आणि ब्लीच कोणत्याही आम्लात मिसळू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

धुतल्यावर शर्ट ओला असताना फसायला होतं, कारण ओल्या कापडावर फिकट डाग लपतो. वाळल्यावर खिडकीपाशी नेऊन बघावा. पिवळी छटा राहिली असेल तर इस्त्री करू नये. उष्णतेने ती आणखी घट्ट बसते. दोन्ही टप्पे पुन्हा करावेत, जुन्या डागाला दोन-तीन खेपा लागणं साहजिक आहे. नीळ घातल्याने पिवळेपणा डोळ्यांना कमी वाटतो, पण डाग जागेवरच राहतो.

काही शर्ट मात्र सुटत नाहीत. ब्लीच आणि कडक इस्त्री यांचे अनेक फेरे झालेल्या शर्टाची काख उजेडासमोर धरली आणि विण विरळ दिसली, तर तिथे आणखी घासण्यात अर्थ नाही. नव्या शर्टासाठी एवढंच पाळावं: रोल-ऑन पूर्ण वाळल्यावरच शर्ट चढवावा आणि घामेजलेला शर्ट आठवडाभर धुण्याच्या टोपलीत पडू देऊ नये.