‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हणजे किती?

उन्हाळ्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे प्रशिक्षण कंपन्यांचे प्रस्ताव येऊ लागतात. ॲप्टिट्यूड, गटचर्चा, मुलाखतीची तयारी आणि वर ठळक अक्षरांत ‘९५ टक्के प्लेसमेंट’. हा आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो कशाच्या तुलनेत काढला, हे विचारायलाच हवे.

समजा, अंतिम वर्षाला २०० विद्यार्थी आहेत. गुणांची अट आणि राहिलेले विषय यांमुळे १२० जणच पात्र ठरले. त्यांतल्या ८० जणांनी प्रशिक्षणाला नाव दिले आणि ७६ जणांना नोकरी लागली. ८० पैकी ७६ म्हणजे ९५ टक्के. तोच आकडा २०० मध्ये मोजला, तर ३८ टक्के. शिवाय हुशार मुलेच आधी नाव नोंदवतात, त्यामुळे श्रेय प्रशिक्षणाचे किती, हेही कळत नाही.

दुसरी तपासणी वेळेची. प्रत्येकाची वैयक्तिक सराव मुलाखत घेऊ, असे पत्रात असते. एका मुलाखतीला १५ मिनिटे धरली, तरी ८० मुलांना २० तास लागतात. तीन दिवसांच्या शिबिरात, वर्ग सांभाळून, दोन प्रशिक्षकांना हे जमवणे अवघड. मग मुलाखत पाच मिनिटांत उरकते आणि मुलाला आपले नेमके कुठे चुकले, हे कुणी सांगतच नाही.

प्लेसमेंट अधिकाऱ्यांनो, करारापूर्वी पहिली चाचणी घ्या, शेवटी तितक्याच काठिण्याची दुसरी घ्या आणि शुल्काचा एक हप्ता तिचा विद्यार्थीनिहाय निकाल हाती येईपर्यंत राखून ठेवा.