एकाला शॉर्ट चालत नाही, दुसऱ्याला ओपन

सर्किटची गणितं सुरू झाली की दोन नियम पाठ करून घेतले जातात: आदर्श व्होल्टेज सोर्स कधी शॉर्ट करायचा नाही आणि आदर्श करंट सोर्स कधी ओपन सोडायचा नाही. त्यामागचं कारण मात्र अनेकदा सांगायचं राहून जातं.

व्होल्टेज सोर्स शॉर्ट केला तर नेमकं काय बिघडतं?

आदर्श व्होल्टेज सोर्स एकच गोष्ट ठरवतो: आपल्या दोन टोकांमधला दाब. तो १२ व्होल्ट असेल तर काहीही जोडा, १२ च राहणार. करंट किती जाईल ते मात्र जोडलेला रेझिस्टन्स ठरवतो. १२ ओहमला १ अँपिअर, १ ओहमला १२ अँपिअर, ०.०१ ओहमला १२०० अँपिअर. आता रेझिस्टन्स शून्य असलेली तार जोडा. तारेच्या नियमाप्रमाणे तिच्या दोन टोकांत दाब शून्यच हवा, आणि सोर्स म्हणतो १२. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. ‘अनंत करंट वाहतो’ असं आपण सवयीने म्हणतो, पण नीट पाहिलं तर हे समीकरण सुटतच नाही.

मग करंट सोर्सचं?

तेच, फक्त उलटं. हा सोर्स करंट ठरवतो आणि दाब बाहेरच्या रेझिस्टन्सवर सोडतो. ५ अँपिअरच्या सोर्सला ०.२ ओहम जोडला तर १ व्होल्ट पुरतो. १००० ओहम जोडला तर तोच करंट ढकलायला ५००० व्होल्ट लागतात. टोकं उघडी ठेवली तर वाट नाही, म्हणजे करंट शून्य. सोर्सचा हट्ट मात्र ५ चा. पुन्हा तोच विरोध. शॉर्ट केलेला करंट सोर्स अगदी निवांत असतो: दाब शून्य, म्हणून बाहेर दिलेली शक्तीही शून्य. भिंतीतल्या रिकाम्या सॉकेटची अवस्थाही तशीच, तिथे दाब असतो पण करंट नसतो.

पण आदर्श सोर्स तर पुस्तकातच असतो ना?

हो. खऱ्या बॅटरीला स्वतःचा थोडा अंतर्गत रेझिस्टन्स असतो, म्हणून शॉर्ट केल्यावर करंट प्रचंड होतो, अनंत होत नाही. करंट सोर्सचं उदाहरण मात्र लोकांना चटकन सुचत नाही. ते कारखान्याच्या मीटर रूममध्ये असतं: करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी.

समजा २००/५ ची सीटी आहे. तिच्या कड्यातून जाणाऱ्या जाड केबलमधून २०० अँपिअर वाहतात, कड्यावर सेकंडरीचे ४० वेढे आहेत आणि मीटरकडे ५ अँपिअर जातात. केबलमध्ये किती करंट वाहायचा हे कारखान्यातल्या मोटरी ठरवतात. सीटीचं त्यात काही चालत नाही, आणि म्हणूनच सेकंडरी करंट सोर्ससारखी वागते. केबलचे २०० अँपिअर-वेढे आणि सेकंडरीचे ५ गुणिले ४० म्हणजे २०० अँपिअर-वेढे एकमेकांना जवळजवळ खोडून काढतात, त्यामुळे लोखंडी गाभ्यात चुंबकत्व अगदी थोडं उरतं.

मीटर बदलताना कुणी सेकंडरीची तार तशीच सोडवली, तर खोडणारं काही राहत नाही. सगळे २०० अँपिअर-वेढे गाभ्याला चुंबकित करू लागतात. गाभा लगेच संपृक्त होतो आणि करंट शून्यातून जाताना दर वेळी चुंबकत्व झपाट्याने उलटतं. त्या क्षणी सेकंडरीच्या उघड्या टोकांवर दाबाचे टोकदार झटके उठतात. सीटी मोठी असेल तर ते हजारो व्होल्टपर्यंत जातात. गाभा संपृक्त होतो म्हणूनच हा आकडा कुठेतरी थांबतो, पण तेवढ्यात इन्सुलेशन फुटू शकतं, माणूसही दगावू शकतो.

सेकंडरी उघडी पडली हे कसं ओळखायचं?

लोड चालू असताना एकाच फेजचा करंट मीटरवर शून्य दिसतो. सीटी गुणगुणते, तापते, कधी जळका वास येतो. साध्या मल्टिमीटरने खात्री करायला जाऊ नये. ते झटके त्याच्या आकड्यात पुरेसे दिसत नाहीत आणि ते त्याला झेपतीलच असंही नाही.

म्हणूनच पीटीच्या, म्हणजे दाब मोजणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, सेकंडरीत फ्यूज असतो आणि सीटीच्या सेकंडरीत तो कधीच घालत नाहीत. फ्यूज उडाला तर पीटी वाचते, सीटी मात्र उघडी पडते. मीटर काढण्याआधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकवरच्या लिंकने सीटीची टोकं शॉर्ट करतात, मीटरच्या तारेतला करंट जवळजवळ शून्यावर आला हे क्लॅम्प मीटरने पाहतात आणि मगच तार सोडवतात. नवं मीटर पूर्ण जोडल्यावरच शॉर्टची लिंक काढायची. हा क्रम उलटू नका.