आठ रंगांचा फोटो

रिसोग्राफवर छापलेलं चित्र भिंगाखाली धरलं की त्यात फिका रंग कुठेच नसतो. लांबून जे गुलाबीसर आभाळ दिसत होतं, तिथे कोऱ्या कागदावर विखुरलेले भडक गुलाबी ठिपके असतात. शाई एक तर आहे, नाही तर नाही. मोबाइलवरच्या एखाद्या फोटोला असं रूप द्यायचं असेल तर हीच गोष्ट पक्की धरून चालावं लागतं. तयार फिल्टर लावलेले बहुतेक फोटो इथेच फसतात: त्यांत आधी रंगीत फोटो असतो आणि त्यावर वरून रवा भुरभुरलेला असतो.

हे यंत्र टोकियोच्या रिसो कागाकु या कंपनीचं. नोबोरू हायामा यांनी १९४६ मध्ये हा व्यवसाय सुरू केला आणि रिसोग्राफ १९८० मध्ये बाजारात आलं. त्याचं तत्त्व आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलचंच आहे. साठच्या दशकातली काही मराठी लघुनियतकालिकं ज्या स्टेन्सिलवर निघाली, तिचाच हा पुढचा वंशज. आज आपल्याकडे शाळा आणि क्लासवाले त्यावर प्रश्नपत्रिका काढतात. चित्रकारांना मात्र त्यात निराळंच काही सापडलं.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. पातळ तंतुमय कागदावर प्लास्टिकची झिरझिरीत फिल्म चिकटवलेली असते. तिला मास्टर म्हणतात. यंत्राचं तापणारं हेड चित्राप्रमाणे त्या फिल्मला बारीक भोकं पाडतं. मग मास्टर शाईच्या ड्रमभोवती गुंडाळला जातो, ड्रम फिरतो आणि आतली शाई भोकांतून कागदावर उतरते. एका ड्रममध्ये एकच शाई. दुसरा रंग हवा असेल तर ड्रम बदलायचा, नवा मास्टर करायचा आणि तोच कागद पुन्हा यंत्रात घालायचा. (दोन ड्रमची मॉडेल्सही आहेत, पण तिसऱ्या रंगाला कागद परत घालावाच लागतो.) कागद ओढणारे रबरी रोलर प्रत्येक वेळी तो अगदी त्याच जागी नेत नाहीत. एखाद-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतं, कधी कागद किंचित तिरका जातो. रवाळ ठिपके, शाईवर शाई आणि हललेलं रजिस्ट्रेशन हे तिन्ही या कामाच्या पद्धतीतूनच येतं. म्हणून संगणकावरही यंत्राच्याच क्रमाने जावं, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला दादरच्या फुलबाजारातला एक फोटो घेऊ: पुढे झेंडूचा ढीग, खाली निळी ताडपत्री, मागे आंब्याच्या डहाळ्या आणि सावलीत बसलेली विक्रेती. रिसोच्या तीन शाया निवडू. फ्लोरोसंट गुलाबी, म्हणजे पडद्यावर `#FF48B0`. निळी, `#0078BF`. पिवळी, `#FFE800`. काळी शाई मुद्दाम घेत नाही. अंधार या तिघींतूनच कसा तयार होतो, हे पाहण्यासारखं असतं.

पहिलं काम रंग वेगळे काढण्याचं. डिजिटल फोटोत लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती, याचे तीन करडे थर असतातच. गिम्पमध्ये `Colors` मेनूतल्या `Components` खाली `Decompose` निवडून `RGB` घेतलं की ते सुटे होतात. आता कोणती शाई कोणता प्रकाश गिळते ते पाहायचं. निळी शाई लाल प्रकाश पूर्ण गिळते, म्हणून लाल थर ही निळ्या शाईची प्लेट. गुलाबी शाई मुख्यतः हिरवा प्रकाश गिळते, म्हणून हिरवा थर गुलाबीची प्लेट. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, म्हणून निळा थर तिचा. थर जिथे काळा तिथे शाई भरपूर, जिथे पांढरा तिथे कागद कोरा.

झेंडूच्या एका पाकळीचा रंग २५५ पैकी लाल २४५, हिरवा १५०, निळा २० असा आहे. लाल जवळजवळ भरलेला, म्हणून निळी शाई फक्त ४ टक्के. हिरवा अर्ध्याहून थोडा जास्त, म्हणून गुलाबी ४१ टक्के. निळा नाममात्र, म्हणून पिवळी ९२ टक्के. पिवळ्या पट्ट्यावर विखुरलेले गुलाबी ठिपके, आणि नारिंगी झेंडू तयार. ते ४ टक्के निळे ठिपके मात्र नारिंगीवर मळासारखे दिसतात. निळ्या प्लेटचे फिके भाग `Levels` मध्ये थोडे उजळून ते घालवलेले बरे.

ताडपत्रीकडे आलं की पहिली अडचण येते. तिचा रंग लाल ४०, हिरवा ९०, निळा १७०. त्यातून निळी शाई ८४, गुलाबी ६५ आणि पिवळी ३३ टक्के निघते. छापल्यावर ती फोटोपेक्षा काळपट आणि मळकी दिसते. कारण असं की रिसोची निळी शाई लालाबरोबर हिरवाही बराच गिळते, गुलाबी थोडा निळा गिळते, आणि त्यावर पिवळी येऊन उरलेला निळा प्रकाशही खाते. उपाय सोपा आहे: पिवळ्या प्लेटवर ताडपत्रीचा भाग पांढरा करून टाकायचा. तेवढ्याने ती पुन्हा निळी होते. प्लेट हाताने अशी दुरुस्त करणं ही फसवणूक नाही. स्पॉट कलरचं काम करणारा माणूस कोणती शाई कुठे हवी हे स्वतःच ठरवतो.

शाईवर शाई आली की काय होतं, याचा हिशेब गुणाकाराचा आहे. या शाया अर्धपारदर्शक असतात आणि वरची शाई खालचीला झाकत नाही. पडद्यावरच्या गुलाबीतून लाल पूर्ण, हिरवा २८ टक्के आणि निळा ६९ टक्के परत येतो. निळ्या शाईतून लाल शून्य, हिरवा ४७ आणि निळा ७५ टक्के. दोन्ही एकमेकींवर आल्या की लाल शून्य, हिरवा १३, निळा ५२ टक्के उरतो. हा गडद जांभळट निळा. लेयरचा मोड `Multiply` ठेवला की संगणक हेच करतो. गुलाबीवर पिवळी आली की तांबूस नारिंगी होतो, निळीवर पिवळी आली की हिरवा. तिन्ही एकत्र आल्या की काळ्याच्या अगदी जवळचा हिरवट अंधार. विक्रेतीच्या मागची सावली या अंधाराची असते, आणि मला ती काळ्या शाईपेक्षा जास्त जिवंत वाटते.

म्हणजे कोरा कागद, तीन सुट्या शाया, तीन जोड्या आणि एक तिहेरी, एवढेच आठ रंग. फोटोतल्या बाकी सगळ्या छटा डोळा ठिपक्यांतून जुळवतो. काम नीट झालं की नाही हे तपासायची खूण हीच आहे. चित्र चारशे टक्के मोठं करून पाहा. आठांव्यतिरिक्त नववा, दुधट किंवा धुरकट रंग दिसला तर कुठेतरी क्रम चुकला आहे.

तो बहुधा सरकवण्याच्या वेळी चुकतो. आधी ठिपके करायचे आणि मग थर तिरका करायचा, असं केलं की फिरवताना सॉफ्टवेअर ठिपक्यांच्या कडा विरघळवतं आणि करड्या छटा परत येतात. म्हणून प्लेट करडी असतानाच सरकवावी, फिरवावी, आणि ठिपके शेवटी पाडावेत. किती सरकवायचं हे कागदाच्या मापावर ठरतं. ए-फोर पान तीनशे डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल असतं आणि एक मिलिमीटर म्हणजे साधारण बारा पिक्सेल. सर्वांत गडद आणि तपशिलाची प्लेट, इथे निळी, जागेवर ठेवावी. गुलाबी दहा पिक्सेल उजवीकडे आणि चार खाली, पिवळी सहा पिक्सेल डावीकडे. शिवाय गुलाबी ०.२ अंशांनी फिरवावी. एवढासा कोन, पण पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो मिलिमीटरभर फरक पाडतो. त्यामुळे चूक सगळीकडे सारखी राहत नाही, आणि खऱ्या छपाईतही ती सारखी नसते.

सरकल्याचा परिणाम फक्त ठळक कडांवर दिसतो. झेंडूचा ढीग ताडपत्रीला भिडतो तिथे एका बाजूला कोऱ्या कागदाची बारीक रेघ उघडी पडते आणि दुसऱ्या बाजूला दोन शाया एकमेकींवर चढतात. झेंडूच्या आतल्या मऊ छटांत काहीच कळत नाही. चेहऱ्याला मात्र जपावं लागतं. विक्रेतीचा चेहरा पानावर नखाएवढा असेल तर मिलिमीटरभर सरकण्यानेही डोळे दुप्पट होतात. अशा वेळी सरक निम्मी करावी.

आता रवा. रिसोच्या प्रिंट सेटिंगमध्ये `Grain Touch` नावाचा पर्याय असतो. तो ठिपके जाळीसारखे ओळीत न मांडता विखरून टाकतो. संगणकावर त्याच्या जवळ जाणारी पद्धत म्हणजे फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची, १९७६ सालची. ती प्रत्येक पिक्सेल काळा की पांढरा हे ठरवते आणि त्यात झालेली चूक शेजारच्या पिक्सेलांवर वाटून टाकते. गिम्पमध्ये `Image`, `Mode`, `Indexed` इथे एक-बिटची काळी-पांढरी पॅलेट आणि `Floyd-Steinberg` निवडलं की हे होतं. तीच पद्धत तशीच वापरली तर सपाट भागांत अळ्यांसारख्या रेघा उमटतात. त्या मोडायला प्लेटवर आधी थोडा यादृच्छिक नॉइज घालावा, पण तिन्ही प्लेटना वेगवेगळा. तिघींना एकच नॉइज दिला तर ठिपके एकाच जागी साचतात, शेजारी कोरा कागद उरतो आणि रंग मिसळण्याऐवजी चित्र खरखरीत, काळवंडलेलं दिसतं.

मास्टरमधून गच्च भागातही शाई अगदी एकसंध उतरत नाही. बारीक पांढरे छेद राहतात. त्यासाठी प्लेटचा सर्वांत काळा भाग ९५ टक्क्यांवर थांबवावा. मग `Gradient Map` ने काळ्याच्या जागी शाईचा रंग घालायचा, तिन्ही थर `Multiply` वर ठेवायचे आणि तळाशी किंचित पिवळसर पांढरा कागद. चकचकीत पांढरा नको, कारण रिसोची भाताच्या कोंड्याच्या तेलातली शाई उष्णतेने वाळत नाही. ती कागदात मुरते, आणि त्यासाठी कागद साधा, लेप नसलेलाच लागतो.

चित्र मोबाइलवरच दाखवायचं असेल तर आकार आधीच ठरवावा. तीनशे डीपीआयचं काम नंतर लहान केलं की ठिपके एकमेकांत मिसळून सगळं पुन्हा गुळगुळीत होतं. समजा १०८० पिक्सेल रुंदी हवी आहे. मग फोटो आधी तेवढा करावा आणि त्यातच ठिपके पाडावेत. या मापाला ए-फोर रुंदीचा एक मिलिमीटर म्हणजे पाचच पिक्सेल, तेव्हा सरकही त्या हिशेबाने कमी करावी. फाइल पीएनजी ठेवावी. जेपीजी प्रत्येक ठिपक्याभोवती धूसर वलय काढतं. खरा फ्लोरोसंट गुलाबी मात्र पडद्यावर येत नाही. ती शाई अंगावर पडलेला न दिसणारा प्रकाशही दिसणारा करून परत फेकते, आणि `#FF48B0` ही तिची फक्त जवळची खूण आहे.

म्हणून कधीतरी हे खऱ्या यंत्रावर छापून घ्यावं. तेव्हा रंगवलेलं एकत्र चित्र द्यायचं नाही. तीन करड्या प्लेट स्वतंत्र पानांवर, वर शाईचं नाव लिहून द्यायच्या. ठिपके आणि सरक दोन्ही काढून टाकायची, कारण ती यंत्र स्वतःच घालणार आहे. आपली सरक त्यात मिळाली तर चूक दुप्पट होते. आणि पानावर बारीक अक्षरं असतील तर ती एकाच शाईत, शक्यतो निळ्या प्लेटवर ठेवावीत.