पाऊल मोठे पडले की आयोडिन ऋण होते

आयोडिन-१३१ या किरणोत्सारी समस्थानिकाचा अर्धायुकाल सुमारे ८.०२ दिवस आहे. त्याच्या क्षयाचे समीकरण y' = −λy असे असून येथे λ ची किंमत दर दिवशी सुमारे ०.०८६४ येते. खरे उत्तर सतत घटत जाते आणि कधीही शून्याखाली जात नाही. ऑयलरने १७६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने तेच उत्तर पावलापावलाने काढता येते. त्यासाठी आत्ताचा क्षयदर घ्यायचा, तो पुढचे h दिवस तसाच राहील असे धरायचे आणि तेवढे प्रमाण वजा करायचे. म्हणजे प्रत्येक पावलाला जुनी किंमत (1 − hλ) या गुणकाने गुणली जाते.

गैरसमज : उत्तर हेलकावे खाऊ लागले किंवा भडकले, की दोष प्रोग्रामचा किंवा संगणकाच्या दशांशांतील काटछाटीचा असतो.

हा हिशेब कागदावर करून पाहता येतो. सुरुवातीला १००० एकक आयोडिन आहे असे धरू. पाऊल २० दिवसांचे घेतले, तर गुणक −०.७२९ येतो आणि किंमती १०००, −७२९, ५३१, −३८७ अशा पडतात. २० दिवसांनंतरचे खरे उत्तर १७८ आहे. पाऊल २५ दिवसांचे केले, तर गुणक −१.१६ होतो आणि किंमती १०००, −११६१, १३४७, −१५६४ अशा फुगत जातात. अंकगणित कितीही काटेकोर ठेवले, तरी हेच घडते.

कारण पद्धतीच्या गृहीतकात आहे. सुरुवातीचा दर कायम राहिला असता, तर 1/λ म्हणजे ११.६ दिवसांत सगळे आयोडिन संपले असते. त्याहून लांब पाऊल टाकले की असलेल्यापेक्षा जास्त वजा होते आणि उत्तर ऋण होते. ऋण किमतीला समीकरण पुन्हा शून्याकडे ओढते, पण लांब पावलामुळे शून्य पुन्हा ओलांडले जाते. २३.१ दिवसांच्या, म्हणजे 2/λ च्या आत हे हेलकावे लहान होत विरतात. नेमक्या त्या पावलाला ते तसेच चालू राहतात आणि पुढे वाढत जातात. आयोडिन स्वतः मात्र कधीच हेलकावत नाही.

गैरसमज : हेलकावे नसले, की उत्तर बरोबर.

१० दिवसांचे पाऊल हेलकावत नाही आणि भडकतही नाही. पण त्याचा गुणक ०.१३६ आहे आणि खरा गुणक ०.४२१. एकाच पावलात उत्तर खऱ्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी येते. स्थिरता एवढेच सांगते की झालेली चूक पुढे वाढणार नाही. चूक किती आहे, ते निम्म्या पावलाने पुन्हा हिशेब करून ताडून पाहावे लागते.

अधिक अचूक पद्धत वापरली की हा प्रश्न सुटतो, हेही तितकेसे खरे नाही. चौथ्या कोटीची प्रचलित रुंगे-कुट्टा पद्धत प्रत्येक पावलाला चौपट मेहनत घेते, पण hλ ची मर्यादा २ वरून जेमतेम २.७८ पर्यंतच नेते.

गैरसमज : जलद क्षय पावणारा भाग दिसेनासा झाला, की पाऊल मोठे करता येते.

सगळ्यांत जास्त फसवणारा समज हाच. टेलुरियम-१३२ चा अर्धायुकाल ३.२ दिवस आहे. त्यापासून आयोडिन-१३२ बनते आणि त्याचा अर्धायुकाल फक्त २.३ तास. काही काळाने आयोडिनचे प्रमाण टेलुरियमच्या मागोमाग संथपणे घटू लागते, आणि आलेखात घाईचे काहीच दिसत नाही. टेलुरियमसाठी पावलाची मर्यादा सुमारे २२२ तास आहे, म्हणून १२ तासांचे पाऊल निर्धोक वाटते. पण आयोडिनची मर्यादा ६.६ तासच आहे. १२ तासांच्या पावलाला त्याचा गुणक −२.६२ येतो. समतोलापासून झालेले अगदी सूक्ष्म विचलनही प्रत्येक पावलाला चिन्ह बदलत अडीचपटीहून अधिक वाढते. सोळाव्या दशांशातील काटछाट तीस-चाळीस पावलांत उत्तराएवढी होते. काटछाट येथे फक्त बीज पुरवते, ते वाढवतो पद्धतीचा गुणक. अशा समीकरणसंचांना ‘स्टिफ’ म्हणतात. त्यांत पावलाची मर्यादा सर्वांत जलद घटक ठरवतो, मग तो घटक उत्तरात दिसो वा न दिसो.

उपाय म्हणजे क्षयदर पावलाच्या सुरुवातीचा न घेता शेवटचा घेणे. या मागल्या ऑयलर पद्धतीत गुणक 1/(1 + hλ) असतो. पाऊल कितीही मोठे असले, तरी तो शून्य आणि एक यांच्यामध्येच राहतो. प्रत्येक पावलाला समीकरण सोडवावे लागते, ही त्याची किंमत. अचूकता मात्र त्यातून आपोआप मिळत नाही. आयोडिन-१३१ साठी २५ दिवसांच्या पावलाला ही पद्धत १००० एककांतून ३१६ उरल्याचे सांगते आणि खरे उत्तर ११५ आहे. टेलुरियमच्या उदाहरणात मात्र १२ तासांच्या पावलाला आयोडिन-१३२ चे विचलन दर पावलाला ०.२२ पट होत विरून जाते.