३ : ४ : १ – पाण्यातील ब्रोमिनची खूण

पिण्याच्या पाण्यातील जंतू मारण्यासाठी मिसळलेला क्लोरिन पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावतो. पाण्यात ब्रोमाइड असेल, तर तयार होणाऱ्या संयुगांत ब्रोमिनही शिरतो. यांपैकी ब्रोमोडायक्लोरोमिथेनमध्ये ब्रोमिनचा एक व क्लोरिनचे दोन अणू असतात, तर डायब्रोमोक्लोरोमिथेनमध्ये नेमके उलट. भारतीय मानकानुसार पहिल्याची मर्यादा लिटरमागे ०.०६ मिलिग्रॅम, तर दुसऱ्याची ०.१ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे नमुन्यात कोणते संयुग आहे, हे निश्चित करावेच लागते.

हे काम मास स्पेक्ट्रोमीटर करतो. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू फुटतो आणि त्याच्या विद्युतभारित तुकड्यांची वस्तुमानानुसार विभागणी होते. ब्रोमोडायक्लोरोमिथेनमधून क्लोरिनचा एक अणू निसटला, की एक क्लोरिन व एक ब्रोमिन असलेला तुकडा उरतो. आलेखावर त्याची तीन शिखरे उमटतात : १२७, १२९ आणि १३१.

याचे कारण समस्थानिकांत आहे. निसर्गात क्लोरिन ३५ व ३७ वस्तुमानांचा, साधारण ३ : १ या प्रमाणात आढळतो, ब्रोमिन ७९ व ८१ वस्तुमानांचा, जवळजवळ समसमान. असे आठ तुकडे घेतले, तर तिघांत दोन्ही अणू हलके असतील आणि एकात दोन्ही जड. उरलेले चार मधल्या शिखरात जमतात. कारण तेथे पोहोचण्याच्या वाटा दोन आहेत. हलका क्लोरिन व जड ब्रोमिन असे तीन तुकडे, आणि जड क्लोरिन व हलका ब्रोमिन असा एक. म्हणून प्रमाण ३ : ४ : १. सर्वांत हलके शिखरच सर्वांत उंच असणार, असे गृहीत धरणारा नवखा विश्लेषक येथेच फसतो.

मात्र ही खूण पुरेशी नाही. डायब्रोमोक्लोरोमिथेनमधून ब्रोमिनचा एक अणू गळला, की हाच तुकडा आणि हेच त्रिकूट मिळते. निवाडा ८३, ८५ व ८७ या शिखरांवर होतो. दोन क्लोरिन असलेला हा तुकडा ९ : ६ : १ हे प्रमाण दाखवतो आणि तो डायब्रोमोक्लोरोमिथेनपासून निघूच शकत नाही. क्लोरोफॉर्मपासून मात्र निघतो. म्हणून ८३ आणि १२७ ही दोन्ही शिखरे एकाच क्षणी चढतात व उतरतात का, हेही पाहिले जाते.

प्रमाण बिघडलेले दिसले, तर प्रथम नमुन्याचे प्रमाण तपासावे. तो फार दाट असेल, तर संवेदक आपल्या मर्यादेला पोहोचतो, १२९ चे शिखर माथ्यावर चपटे होते आणि उंची ३ : ४ ऐवजी जवळजवळ समान भासते. नमुना सौम्य करून पुन्हा मोजल्यावर मूळ गुणोत्तर परतले, तर दोष संवेदकाचा होता. न परतल्यास दुसरे एखादे संयुग त्याच जागी मिसळलेले असण्याची शक्यता तपासावी लागते.