शस्त्रक्रियागृहाच्या हवायंत्राचे आराखडे आम्ही परत का पाठविले

नव्या शस्त्रक्रियागृहाचे काम मध्यंतरी तीन आठवडे पुढे सरकले नाही, याबद्दल काही देणगीदारांनी व विश्वस्तांनी पृच्छा केली होती. त्याचे कारण येथे नमूद करीत आहोत.

शस्त्रक्रियागृहात थंड व गाळलेली हवा सोडणाऱ्या यंत्रास एअर हँडलर म्हणतात. ते तयार बाजारातून उचलून आणता येत नाही. कंत्राटदार प्रथम त्याचे आराखडे, म्हणजे शॉप ड्रॉइंग, आणि माहितीपत्रक, म्हणजे डेटा शीट, सादर करतो. आमचे सल्लागार अभियंता ते निविदेतील अटींशी ताडून शेरे देतात आणि मंजुरीनंतरच कारखान्यात पत्रा कापला जातो. आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे. खरेदी-आदेशाशी बिल ताडून पाहण्याची सवय आहे, म्हणून त्या बैठकांना बसलो.

खोली ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३ मीटर उंच, म्हणजे १०८ घनमीटर. एन.ए.बी.एच.च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तासाला किमान २० वेळा हवा बदलली पाहिजे व त्यांपैकी ४ वेळा ती बाहेरील ताजी असली पाहिजे. हिशेब २,१६० घनमीटर येतो. आम्ही २,२०० मागितले होते. माहितीपत्रकातही २,२०० हाच आकडा होता. आमच्या दृष्टीने तेथे प्रश्न मिटला होता.

अभियंत्यांनी मात्र त्याच ओळीतील पुढच्या रकान्यावर बोट ठेवले. पंखा ९०० पास्कल दाबासाठी निवडलेला होता. पैकी ५०० पास्कल नळ्या व शीतक कॉइल यांत खर्च होणार होते आणि उरलेले ४०० गाळण्यांत. परंतु हा ४०० चा आकडा कोऱ्या गाळण्यांचा होता. गाळणी धूळ धरू लागली की तिचा विरोध वाढतो. शेवटची हेपा गाळणी सुमारे २५० पास्कलवर बसते आणि ५०० च्या आसपास बदलावी लागते. आधीच्या दोन गाळण्यांचेही तसेच. सर्व मिळून ४०० चे ८५० होतात. निविदेत ‘पंखा गाळण्यांच्या अंतिम विरोधावर निवडावा’ असे स्पष्ट लिहिले होते. म्हणजे १,३५० पास्कल हवे होते.

अन्यथा काय घडले असते? स्वीकृतीच्या दिवशी, गाळण्या नव्या असताना, मोजणी अचूक उतरली असती. पुढे गाळण्या भरत गेल्यावर हवा १,६५० च्या घरात आली असती, म्हणजे तासाला जेमतेम १५ बदल. आणि यंत्राचा आवाज ऐकून ते कोणाच्या लक्षातही आले नसते. सुधारित पंख्यास १.१ ऐवजी २.२ किलोवॅटची मोटर लागली. कंत्राटदाराने त्याची वाढीव रक्कम मागितली. अट मूळ निविदेतच असल्याने ती देण्याचा प्रश्न नव्हता. आराखडा तसाच मंजूर होऊन यंत्र बसले असते, तर हाच वाद कितीतरी अवघड झाला असता.

दुसरा शेरा पाण्याच्या नळीविषयी होता. कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते, ते खालच्या तबकात साचते व वाकड्या नळीतून, म्हणजे ट्रॅपमधून, बाहेर जाते. तबक पंख्याच्या ओढीच्या बाजूस असते. येथे ओढ ४०० पास्कल होती, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी. आराखड्यात तबकाच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरील तोंडापर्यंत उतार होता २५ मिलिमीटर. इतक्या उतारावर पंखा पाणी बाहेर पडू देत नाही. तबक भरते, यंत्राच्या तळाशी ओल राहते आणि तेथे बुरशी धरते. वर्ध्याच्या पावसाळ्यात हे व्हायला वेळ लागत नाही. उतार किमान ६५ मिलिमीटर हवा होता. परंतु यंत्राचा ओटा केवळ ५० मिलिमीटरचा दाखविलेला, त्यामुळे ट्रॅप बसण्यास जागाच नव्हती. ओटा १५० मिलिमीटरचा करावा असा शेरा गेला. सिमेंटच्या त्या चार इंचांसाठी तीन पत्रे लिहावी लागली, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

याखेरीज, बाहेरील तापमान ३५ अंश धरले होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. निविदेप्रमाणे हिशेब पुन्हा करून घेतला. गाळणी ओढून काढण्याचे दार भिंतीला लागत होते, ते दुसऱ्या बाजूस घेतले.

पहिल्या संचावर ‘सुधारून पुन्हा सादर करावे’ असा शिक्का पडला, दुसरा किरकोळ शेऱ्यांसह मंजूर झाला. मंजुरीमुळे कंत्राटदाराची जबाबदारी कमी होत नाही, हे वाक्य शिक्क्यातच आहे. हेपा गाळणीचा विरोध दाखविणारे मापक आता शस्त्रक्रियागृहाबाहेरील भिंतीवर आहे. पाळीच्या परिचारिका दररोज सकाळी त्याची नोंद घेतात, आणि काटा ५०० कडे सरकू लागला की नव्या गाळणीची मागणी आमच्या टेबलावर येते.